लिंबाजीबाबांनी आणलेला कागद

माझी शाळा ज्या गावात आहे, तिथं शिरताना डाव्या हाताला बुद्धविहार लागतो. सकाळी साडेनऊच्या सुमारास माझी स्कूटी तिथून जाते, तेव्हा लिंबाजीबाबा हमखास अंगण झाडत असतात. पाठ वाकलेली, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल, हातात शिंदीचा खराटा. स्कूटीचा आवाज आला की ते झाडणं थांबवतात, धूळ माझ्या अंगावर येऊ नये म्हणून. मी पुढं गेले की पुन्हा झाडू लागतात. परभणीहून शाळेला यायला दुसरा रस्ता असता, तर मी कधीच धरला असता. तो नाही म्हणून रोज त्यांचं हे थांबणं मला बघावं लागतं.

या माणसाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. माझ्या हातून त्यांचं जे झालं तेही त्यातच येणार, म्हणून टाळत होते.

लिंबाजीबाबांनी उमेदीची तीस वर्षं मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारात, हमाली केली. कापसाची बोंदरी, ज्वारीचे कट्टे, हंगाम असेल ते पाठीवर. पाठ वाकली ती तिथंच. सरजाबाई, म्हणजे त्यांची बायको, पाच वर्षांपूर्वी वारली. मुलगा आणि सून पुण्याकडं बांधकामावर, आज या साइटवर तर उद्या त्या. त्यांची पोरगी धम्मशीला आजोबांजवळ. दोन खोल्यांच्या घरात हे दोघंच. बाबा भाकरी करायचे, पोरगी भांडी विसळायची. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसून पुण्याला फोन लावायची आणि फोन लागला नाही तर एकमेकांशीच बोलत बसायची. तिच्याशिवाय त्यांना बोलायला दुसरं कोण होतं?

बाबांना वाचता येत नाही, सही तेवढी येते. पण कागदावर त्यांची श्रद्धा वाचता येणाऱ्यांपेक्षा जास्त. रेशनचं कार्ड, हमालीचं जुनं ओळखपत्र, सरजाबाईंच्या मयताचा दाखला, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. कोणताही नवा कागद आला की ते दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेणार. दोघांनी सारखंच वाचलं तर खरं. मी एकदा त्यांची थट्टा केली, बाबा, आमच्यावर भरवसा नाही का? ते म्हणाले, भरवसा हाय, पर मोंढ्यात हमालाला एकानं वाचून दाखवलेलं लय महागात पडतंय.

धम्मशीलाला पहिलीत घालायला ते स्वतः आले होते. नाव लिहून झालं, आधारची झेरॉक्स लावून झाली, तरी उठेनात. वर्गाकडं बघत बसले. मग म्हणाले, ते याच शाळेत दुसरीपर्यंत होते. तेव्हा इमारत कुडाची होती. त्यांच्या आळीतली चार पोरं उंबऱ्याच्या अलीकडं बसायची, पाटी गुरुजी लांबूनच बघायचे. तेही त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही, पूर्वी गावात वीज नव्हती असं सांगावं तसं सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, “हिला तेवढं मधी बसवा, बाई.”

मी हसले. म्हटलं, बाबा, आता कुठं राहिलंय तसलं काही. सगळी एकाच सतरंजीवर बसतात. आणि बसवलीही तिला मध्ये, दुसऱ्या ओळीत. पोरगी हुशार निघाली. पाढे तोंडपाठ, अक्षर टपोरं. मला तिचं कौतुक होतं, हे मी आता सांगितलं तर कोणाला खरं वाटेल, कोण जाणे.

धम्मशीला तिसरीत गेली त्या वर्षीची ही गोष्ट. विधानसभेच्या निवडणुकीचं वर्ष. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि थंडी पडू लागली. पोरीच्या कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या मागं आणि मानेवर लाल चट्टे उठले. खाजवून खाजवून त्यावर खपली धरायची, पुन्हा खाजवलं की पाणी यायचं. थोडंफार तिला दर हिवाळ्यात व्हायचं, पण या वेळी फार होतं. बाबांनी लिंबाच्या पाल्याचं पाणी केलं, खोबरेल लावलं, कोणी सांगितलं म्हणून कपडे धुवायच्या साबणानं दोनदा घासून आंघोळ घातली. त्यानं तर आगीतून फुफाट्यात.

चौथ्या दिवशी राजेश्री शाळेत आली. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची ही बायको. तिची राजनंदिनी धम्मशीलाच्या शेजारी बसायची. राजनंदिनीच्या मनगटावर एक लाल ठिपका उठला होता, त्याचा फोटो राजेश्रीनं मोबाइलमध्ये काढून आणला होता. तिचं म्हणणं, ही खरूज आहे, एकीची सगळ्यांना होणार. ती भांडली नाही, आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाली की आणखी दोघीतिघींशी तिचं बोलणं झालंय. त्या पोरीला ओळीत बसवणार असाल तर आम्ही आमची लेकरं मानवतच्या इंग्लिश स्कूलच्या गाडीत बसवतो, गाडी दारात येतेच.

आमची शाळा चौथीपर्यंतची, दोन शिक्षकी. पटावर मुलं एकवीस. वीसच्या आत पट असलेल्या शाळांचं काय होणार याच्या बातम्या तेव्हा रोज पेपरात यायच्या. तीन मुलं गेली की आमचं काय होईल, हे मला बोटांवर मोजता येत होतं. मुख्याध्यापक योगीराज सरांनी तर ते आधीच मोजलं होतं. ते म्हणाले, मॅडम, थोडे दिवस वेगळी बसवा. दारापाशी उजेडही चांगला आहे, हवाही आहे.

मी सतरंजीचा एक तुकडा कापून दारापाशी टाकला आणि धम्मशीलाला तिथं बसवलं. तिला म्हणाले, बाळा, इथं वारा लागतो, खाज कमी होईल. माझं मलाच ते पटलं होतं. पहिलीत नाव घालताना बाबा काय बोलले होते ते मला तेव्हा आठवलंच नाही, आणि आठवलं असतं तरी मी काय केलं असतं हे आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

संध्याकाळी बाबांना बोलावून घेतलं. वेगळं बसवलंय हे मी सरळ सांगितलं, त्याचं श्रेय असेल तर घेते. त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, बाई, ही खरूज न्हाई. हिच्या बापालाबी लहानपणी आसंच व्हायचं, मी काय त्याला लांब ठिवला न्हाई, मला कधी झालं न्हाई. मी म्हटलं, बाबा, तुमचं खरं असेल, पण माझ्या-तुमच्या म्हणण्यानं कोणी ऐकणार नाही. डॉक्टरांचं लेखी आणा. ज्या दिवशी कागद आणाल, त्या दिवशी तिला जागेवर बसवते.

हे माझे शब्द. त्यात मी काही घातलेलं नाही आणि काढलेलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं बाबा पोरीला घेऊन निघाले. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी चट्टे बघून परभणीच्या सरकारी दवाखान्यात चमडीच्या डॉक्टरकडं पाठवलं. पुढचं सगळं बाबांनी नंतर मला बारकाव्यानं सांगितलं, मोठी मोहीम जिंकून आल्यासारखं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पोरीच्या बोटांच्या बेचक्या एकेक उघडून बघितल्या, मनगटं, पोट, काखा बघितल्या. घरात आणखी कोणाला खाज आहे का विचारलं. बाबांनी स्वतःचे हात पुढं केले. एकाच वाकळंत निजतो आमी दोघं, बघा, म्हणाले. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कधीपासून आहे, घरात कोणाला दमा, सारख्या शिंका? बाबा म्हणाले, हिच्या बापाला दमा हाय. त्या म्हणाल्या, हां. तरीही खात्री हवी म्हणून मानेवरच्या चट्ट्याची थोडी खरवड काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून आल्या. गजकर्ण नव्हतं. खरजेची खूणही कुठं नव्हती.

त्यांनी बाबांना समजावून सांगितलं की हा एक्झिमा आहे. हिची कातडीच कोरडी, नाजूक. थंडीत, साबणानं, घामानं उठते. कोणाकडून आलेला नाही आणि कोणाला लागणारही नाही. पुन्हा पुन्हा होईल, पण सांभाळलं तर दबून राहील. कपड्याचा साबण बंद. कोमट पाण्यानं झटपट आंघोळ, अंग टिपून लगेच, ओलसर असतानाच मलम चोळायचं, दुपारी पुन्हा एकदा. दुसरी लहान ट्यूब फक्त लाल चट्ट्यांवर, सांगितलेले दिवसच, मनानं वाढवायची नाही.

औषधं घेऊन झाल्यावर बाबा हलेनात. म्हणाले, शाळेला लिहून द्या. डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या. बाबा म्हणाले, न्हाई, येगळा कागद, बाईंच्या नावानं, शिक्का मारून. बाहेर रांग होती. तरी त्या बाईंनी दवाखान्याचा छापील कागद घेतला आणि वर्गशिक्षिकेला म्हणून लिहिलं. शिक्का दुसऱ्या खोलीत होता, तिथला माणूस जेवायला गेला होता. बाबा पोरीला मांडीवर घेऊन दोन तास त्या खोलीच्या दारात बसले. परतीची गाडी त्यात गेली, मग पिंगळीपर्यंत एका टेम्पोतून, तिथं दिलेल्या लेकीकडं मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून थेट शाळेत. कागद पिशवीत, पिशवीला रबर. वाटेत दोघांकडून वाचून घेतला होता, एकदा जावयाकडून, एकदा बस कंडक्टरकडून. दोघांनी सारखंच वाचलं होतं.

मी तो कागद त्यांच्यासमोर उघडला. अक्षर डॉक्टरांचं असूनही वाचता येत होतं. “कु. धम्मशीला हिची आज तपासणी केली. अंगावरील पुरळ एक्झिमा या प्रकारचे असून ते संसर्गजन्य नाही. खरूज अथवा गजकर्ण नाही. इतर विद्यार्थ्यांसोबत बसणे, जेवणे, खेळणे यास कोणतीही हरकत नाही. तिला वेगळे बसवण्याची गरज नाही.” खाली सही, नोंदणी क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का, निळा, जरा तिरका.

‘वेगळे बसवण्याची गरज नाही’ ही ओळ बाबांनी सांगून घालून घेतली असणार. मला तेव्हाच कळलं. मी म्हटलं, झालं बाबा, काम झालं तुमचं. ते इतके हसले की टॉवेलनं डोळे पुसले. मला म्हणाले, पोरीला आजच्या दिस घरी नेतो, दोन दिसाची हिंडून थकलीया, उद्यापासून मधी बसंल. आणि दोघं गेले.

मी त्याच दुपारी सतरंजीचा तो तुकडा उचलायला हवा होता. एवढंच काम होतं. त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. शाळेत कोणतं मूल कुठं बसवायचं हे वर्गशिक्षक ठरवतो, जिल्हा परिषद नाही.

पण आम्ही शिक्षक मंडळी कागदाला माणसापेक्षा जास्त भितो. शिक्क्याचा कागद आला की आमचे हात आपोआप आवक रजिस्टरकडं जातात. मी कागद योगीराज सरांकडं नेला. सरांनी चष्मा लावून वाचला, म्हणाले, छान झालं, आवकला लावा. मग जरा थांबून म्हणाले, मॅडम, आपण परस्पर काही करू नका. समितीच्या बैठकीत वाचून दाखवू, सगळ्यांच्या सह्या घेऊ, म्हणजे उद्या कोणी बोलायला नको. आपण अंगावर घ्यायचं नाही.

मला ते शहाणपणाचं वाटलं. मी आवक क्रमांक टाकला, कागदाला पंच केलं, फाइलला लावला. त्या पंचाचं एक भोक नेमकं शिक्क्याच्या कडेतून गेलं. बैठक सोमवारी होती.

सोमवारी बैठक झाली नाही. आम्हा दोघांची निवडणुकीच्या प्रशिक्षणाला नेमणूक लागली. पुढं मतदानाचे दिवस, त्यात शाळेतच केंद्र. नंतर अध्यक्ष पुतणीच्या सोयरिकीच्या कामाला सोनपेठला गेले, म्हणून आणखी चार दिवस. रोज सकाळी धम्मशीला दप्तर घेऊन वर्गात यायची, एकदा माझ्याकडं बघायची. मी म्हणायचे, आजचा दिवस बस गं तिथं, बैठक झाली की करू. ती दारापाशी जाऊन बसायची. मलमानं तिचे चट्टे तोवर निम्मे सुकले होते. खाजवणंही थांबलं होतं. मी ते बघत होते, आणि बैठकीची वाट पाहत होते.

राजनंदिनीचा ठिपका मधल्या काळात गेला. मच्छर चावला असणार. राजेश्रीनं ते काही सांगायला येण्याचं कारण नव्हतं, आणि मीही तिला विचारलं नाही. विचारायला हवं होतं. तो कागद घेऊन तिच्या ओट्यावर जाऊन बसायला हवं होतं. ती काही वाईट बाई नाही, पाचवीच्या पुढं शिकलेली, पोरीला जपणारी. घाबरलेली होती, आणि तिची भीती घालवणारा कागद माझ्या कपाटात होता.

धम्मशीलानं घरी काही सांगितलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, मधी बसलीस का? ती हो म्हणायची. ते विचारायचे, शेजारी कोण? ती रोज एक नाव सांगायची. आठ वर्षांची पोर.

सतरा दिवस असे गेले. अठराव्या दिवशी दुपारचं मलम ती घरीच विसरली. मलम ठरल्या वेळी लावायचं असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, म्हणून ते घेऊन बाबा शाळेत आले. मधल्या सुट्टीची वेळ होती. पोरं व्हरांड्यात दोन ओळी करून जेवत होती. कमलबाई, आमच्याकडं खिचडी शिजवणारी, वाढत होती. ओळीतल्या पोरांच्या ताटात ती पळी टेकवून वाढत होती. मग बादली घेऊन दारापाशी गेली. तिथं धम्मशीला एकटी ताट घेऊन बसली होती. कमलबाईनं पळी हातभर उंच धरली आणि वरून खिचडी सोडली. थोडी ताटात पडली, थोडी फरशीवर. पोरीनं फरशीवरची शितं वेचून ताटाच्या कडेला ठेवली.

कमलबाईला मी तसं करायला सांगितलं नव्हतं. नको असंही सांगितलं नव्हतं. खिचडीला हात लावणारी बाई त्या पोरीजवळ जाते असं कोणी म्हणू नये, या धास्तीनं ती स्वतःच तसं करू लागली होती, आणि दोन आठवडे ते माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. मला दिसत होतं, पण मी बघत नव्हते. त्या दिवशी व्हरांड्याच्या पायरीपाशी उभ्या असलेल्या बाबांच्या तोंडाकडं माझं लक्ष गेलं, आणि मग मी बघितलं.

मला वाटलं, आता हे ओरडतील. मोंढ्यातला माणूस, आवाज मोठा. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते सरळ पायरी चढले. पोरीपाशी गेले, खाली बसले. तिचं जेवण होईपर्यंत तिथंच बसून राहिले, पाठ ओळीकडं करून. मग तिच्या कोपरांना मलम लावलं, मानेला लावलं, ट्यूबचं टोपण घट्ट केलं, दप्तर उचललं आणि तिचा हात धरून निघून गेले. मी मागं चार पावलं गेले. मग परत फिरले.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, असं म्हणायची पद्धत आहे. माझा लागला, हे जास्त वाईट. पण सकाळी शाळेत आले ते ठरवून. योगीराज सर यायच्या आत कपाट उघडलं, फाइलमधून कागद काढला. परिपाठाला एकवीसपैकी वीस मुलं उभी होती. मी तो कागद मोठ्यानं वाचला. खरूज नाही, गजकर्ण नाही, लागत नाही, एकत्र बसायला हरकत नाही. पोरांना सांगितलं, ती आली की दुसऱ्या ओळीत बसेल. पोरांनी माना हलवल्या. राजनंदिनी म्हणाली, माझ्याजवळची जागा मोकळीच हाय, बाई. वाचायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कमलबाई दारात उभी राहून ऐकत होती, तिनं पदर तोंडाला लावला. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय. दारापाशीची सतरंजी मी उचलली आणि धम्मशीलाची वाट बघत बसले.

अकराच्या सुमारास बाबा एकटेच आले. धुतलेला सदरा, हातात ती पिशवी. बसा म्हटलं तर बसले नाहीत. म्हणाले, पोरीचा दाखला पायजे. पिंगळीला लेकीकडं ठिवतो, तिथं शाळा हाय, जावई नाव घालतो म्हणलाय.

मी जे जे म्हणायचं ते म्हटलं. आजच सगळ्यांना वाचून दाखवलंय, जागा केलीय, उद्यापासून मध्ये बसेल. माझी चूक झाली, बाबा, असंही म्हटलं. ते ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, ती आता या शाळंत यायची न्हाई म्हणती, बाई. मी जोर करत न्हाई. मी विचारलं, आणि तुम्ही? तुम्ही एकटे कसे राहाल? त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. म्हणाले, ऱ्हाईन की, न ऱ्हाऊन कुटं जातो.

दाखला मीच लिहिला. जनरल रजिस्टर नंबर, नाव, जात, जन्मतारीख, प्रगती, वर्तणूक. वर्तणुकीत ‘चांगली’ लिहिलं. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यापाशी पेन थांबला. योगीराज सर पलीकडून हळूच म्हणाले, पालकांच्या विनंतीवरून. ते नेहमीचं असतं. मी तसंच लिहिलं. सरांनी सही केली, शिक्का मारला, आणि मी कागद बाबांपुढं धरला.

त्यांनी तो हातात घेतला नाही. म्हणाले, वाचून दावा. मी वाचत गेले. कारणाचा रकानाही वाचला. ते म्हणाले, इनंती मी न्हाई केली, पर असू द्या, सायबाला तेच लिवावं लागत आसल. या वेळी त्यांनी दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यायचं म्हटलं नाही. दाखल्याची चौघडी घातली, पिशवीत ठेवली, रबर लावलं.

मी त्यांना शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला गेले. फाटकापाशी ते थांबले.

“बाई, एक इचारू का?”

“विचारा ना बाबा.”

“मी आणलेला तो कागद. तुमी कवा वाचला?”

खोटं बोलता आलं असतं. निवडणुकीची गडबड होती, फाइलमध्ये राहून गेला, आजच हाती लागला. सगळी सोय होती. पण त्यांच्यापुढं मी तो उघडला होता, आणि वरपासून खालपर्यंत डोळे फिरवले होते. त्यांना वाचता येत नाही, म्हणून माझं वाचणं तरी खरं होतं की नुसतं बघणं, एवढीच शंका त्यांच्या मनात उरली होती.

“त्याच दिवशी,” मी म्हणाले. “तुमच्यासमोर. सगळा वाचला होता.”

त्यांनी मान हलवली. फाटकाची कडी काढली.

“मला वाटलं, वाचायचा ऱ्हाऊन गेला,” ते म्हणाले. “पोरीला मी रातच्याला तसंच सांगितलं. म्हणलं, बाईनं कागद वाचलाच न्हाई गं, वाचला आसता तर तुला मधी बसवलं आसतं. तिला ते पटलं. आता तिला तेच ठावं असू द्या, बाई. कधी भेटली तर तुमी येगळं सांगू नका.”

मी सांगणार नाही म्हटलं.